मायच्या दोन नावांत अडकलेलं खातं

*काका, रामराम. माझ्या मायचं २०१५ च्या जानेवारीत जनधनमधी खातं काढलेलं हाय. अतिवृष्टीचं अनुदान खात्यात पडलंय, पण काढाया गेलं की बँकवाले म्हणायलेत केवायसी करा. अहो, मागच्या महिन्यात सेतूवर अंगठा लावून केवायसी केलीच की! तर म्हणायलेत ती वेगळी. पासबुकावर न मतदान कार्डावर मायचं नाव सरूबाई हाय, आधारवर सरस्वती. पॅनकार्ड नाही. कोयता धरून धरून अंगठा झिजलाय, सेतूवर सात-आठ बार लावल्यावर मशीननं घेतला. दिवाळीनंतर ऊसतोडीची टोळी निघणार. बँकेच्या तीन चकरा झाल्या. नेमके कोणते कागद लागतेत ते एकदाचं सांगा. वरून मोबाईलवर एक लिंक आलीय, 'आजच केवायसी करा नाहीतर खातं बंद'. ती दाबू का?*
*— एक वाचक, ता. केज, जि. बीड*

रामराम. आधी शेवटच्या प्रश्नाचं सांगतो, कारण त्याला उशीर चालत नाही. ती लिंक दाबू नका. मेसेज आत्ताच्या आत्ता काढून टाका आणि घरात कुणी दाबली असेल तर विचारून घ्या. अशा लिंकेतून मोबाईलमध्ये एक फाइल उतरते आणि मग बँकेचे ओटीपी तुमच्याआधी चोराला दिसतात. कोणतीही बँक केवायसीसाठी अनोळखी ॲप उतरवून घ्यायला लावत नाही, फोन करून ओटीपी किंवा एटीएमचा पिन विचारत नाही. दाबली गेली असेल आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या नंबरला फोन लावा. तिथं जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात थांबवता येण्याची शक्यता जास्त.

आता तुमच्या सेतूवरच्या अंगठ्याकडे येऊ. तुमची यात काही चूक नाही, चूक त्या शब्दाची आहे. आपल्याकडे सध्या अंगठा लावायच्या प्रत्येक कामाला लोक केवायसी म्हणतात. रेशन दुकानात अंगठा लावला ती केवायसी, लाडक्या बहिणीची केवायसी, पीएम किसानची केवायसी, गॅसची केवायसी. तुम्ही सेतूवर केली ती अनुदानाची. तलाठ्याच्या यादीतल्या विशिष्ट क्रमांकासमोर अंगठा देणारी बाई खरोखर तीच आहे का, एवढं महसूल खात्याने पाहिलं. ती नोंद महसूल खात्याच्या दप्तरी गेली. बँकेला त्याचा पत्ताही लागत नाही. अंगठा एकच असला तरी वह्या वेगवेगळ्या आहेत, आणि बँकेची वही बँकेच्या शाखेत किंवा बँकेने नेमलेल्या बँक मित्राकडेच भरली जाते.

बँकेची केवायसी म्हणजे 'नो युवर कस्टमर', आपल्या ग्राहकाला ओळखा. हे बँकेच्या मर्जीचं काम नाही. काळा पैसा कुणाच्या तरी नावाच्या खात्यातून फिरू नये म्हणून २००२ साली कायदा झाला, तो १ जुलै २००५ पासून लागू आहे. त्याच्या आधाराने रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये सगळ्या बँकांना एकच मोठा निर्देश दिला आणि त्यात पुढे दुरुस्त्या होत गेल्या. राष्ट्रीयीकृत बँक असो की जिल्हा बँक, नियम सारखाच. खातं काढताना एकदा ओळख पटवायची आणि मग ठरावीक वर्षांनी ती ताजी करायची, याला बँकेत री-केवायसी म्हणतात. ज्यांच्या व्यवहारात जोखीम कमी, म्हणजे आपल्यासारखी शेतकरी, मजूर, पेन्शनर माणसं, त्यांची दर १० वर्षांनी. मध्यम जोखमीची ८ वर्षांनी, जास्त जोखमीची २ वर्षांनी.

आता तुमची तारीख लावून बघा. जनधन योजना २०१४ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली आणि पुढच्या काही महिन्यांत गावोगावी खाती निघाली. सरूबाईंचं त्यातलंच. जानेवारी २०१५ अधिक १० वर्षं, म्हणजे जानेवारी २०२५ ला केवायसी संपली. अशी खाती इतकी आहेत की २०२५ च्या जुलै ते सप्टेंबरमध्ये बँकांनी ग्रामपंचायतींत खास शिबिरं घेतली. जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने असंही सांगितलं की कमी जोखमीच्या ग्राहकाची मुदत संपली तरी त्याचे व्यवहार थांबवू नका, मुदत संपल्यापासून एक वर्ष किंवा ३० जून २०२६, यांतलं जे उशिरा येईल तोपर्यंत चालू द्या. सरूबाईंच्या बाबतीत एक वर्ष जानेवारी २०२६ ला संपतं, म्हणजे त्यांच्यासाठी शेवटची तारीख ३० जून २०२६. त्याआधी अडवलं असेल तर तुम्ही हा नियम शाखाधिकाऱ्यांना दाखवू शकता. त्यानंतर अडवलं असेल तर केवायसी केल्याशिवाय सुटका नाही.

काउंटरवर गेल्यावर पहिला प्रश्न मात्र दुसराच विचारायचा: "साहेब, खात्याची केवायसी संपली आहे की खातं निष्क्रिय झालं आहे?" ही दोन वेगळी कुलपं आहेत. दोन वर्षांहून जास्त काळ ग्राहकाने स्वतः काही व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय धरतात. अशा खात्यात पैसा येतो, पण जात नाही. तुमच्या वर्णनावरून दोन्ही कुलपं लागली असावीत असं मला वाटतं. निष्क्रिय खातं चालू करायला बँकेने एक रुपयाही घ्यायचा नाही आणि हे काम त्या बँकेच्या कोणत्याही शाखेत झालं पाहिजे. दोन्हींची किल्ली केवायसीच आहे, फक्त अर्ज देताना दोन्ही गोष्टी लिहायच्या. नाहीतर केवायसी होते, खातं निष्क्रियच राहतं आणि चौथी चक्कर पडते.

कागदांचं सांगायच्या आधी एक जुनी गोष्ट सांगू द्या, कारण ती अजून माझ्या मनातून गेलेली नाही. मी एका शाखेत नवा अधिकारी होतो. बाजाराच्या दिवशी एक म्हातारी आली, काखेत कापडी पिशवी, पिशवीत प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला झेरॉक्सांचा गठ्ठा. तिने तो काउंटरवर उलगडला. रेशन कार्ड, सातबारा, सरपंचाचा रहिवासी दाखला, नातवाच्या शाळेचा दाखला, दुसऱ्या बँकेचं पासबुक. मी एकेक कागद पाहून बाजूला सारत गेलो आणि "यातलं काही चालत नाही, मावशी" असं म्हणून पुढच्या माणसाला बोलावलं. कोणता कागद चालतो हे मी तिला सांगितलंच नाही. संध्याकाळी शिपायाने सांगितलं की तिच्या पिशवीच्या तळाशी रोजगार हमीचं जॉबकार्ड होतं, ते तिने काढलंच नव्हतं, कारण ते "कामाचं कार्ड" असं तिला वाटत होतं. त्या एका कार्डावर तिचं काम झालं असतं.

म्हणून कागदांची यादी पाठ करू नका, बँक काय विचारते आहे ते लक्षात ठेवा. ती तीन गोष्टी विचारते: तुम्ही कोण, राहता कुठे, आणि तुमच्या पैशाचा कर खात्याशी संबंध काय.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं देणारे फक्त सहा कागद रिझर्व्ह बँकेने मानले आहेत. आधार, मतदान कार्ड, पासपोर्ट, गाडीचं लायसन्स, राज्य सरकारच्या अधिकाऱ्याची सही असलेलं रोजगार हमीचं जॉबकार्ड, आणि राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचं नाव-पत्ता असलेलं पत्र. हे शेवटचं पत्र मी उभ्या नोकरीत कुणाच्या हातात पाहिलं नाही, पण नियमात आहे. सहापैकी एक पुरतो, सहाही नकोत. जॉबकार्ड आणताना सहीचं पान तेवढं पाहा. सही नसेल तर ते कार्ड बँकेला चालत नाही आणि आपल्याकडच्या कित्येक कार्डांवर ती जागा कोरीच असते.

रेशन कार्ड या यादीत नाही. पॅन कार्डही नाही, कारण त्यावर पत्ता नसतो. सातबारा नाही, सरपंचाचा दाखला नाही. कागद खोटे आहेत असं कुणी म्हणत नाही, पण त्यांच्यावर बँकेला ओळख पटवता येत नाही. लाइट बिलाचं मात्र जरा वेगळं आहे. ओळखीच्या कागदावर पत्ता जुना असेल तर दोन महिन्यांच्या आतलं लाइट बिल किंवा घरपट्टीची पावती तात्पुरता पत्ता म्हणून चालते, मग तीन महिन्यांत नव्या पत्त्याचा खरा कागद द्यावा लागतो. आधारवरचा पत्ता जुना असेल आणि आधारनेच ई-केवायसी करत असाल, तर सध्याचा पत्ता नुसता लिहून दिला तरी पुरतो. गावाकडचा आणि हंगामातला, असे दोन पत्ते असणाऱ्या टोळीतल्या माणसांना याची मोठी मदत होते. मात्र कारखान्यावरच्या कोपीचा पत्ता लिहू नका. बँकेची पत्रं तिथं जातील आणि तुम्ही परत आलेले असाल.

तिसरा प्रश्न कराचा. पॅन असेल तर पॅन, नसेल तर पॅन नसल्याचं घोषणापत्र, ज्याला बँकेत फॉर्म ६० म्हणत आले आहेत. सरूबाईंना पॅन नाही म्हणून खातं अडलंय असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही. फॉर्म ६० बँकेतच मिळतो. त्यात नाव, पत्ता, शेतीचं उत्पन्न किती आणि इतर उत्पन्न किती एवढं भरून अंगठा करायचा. शेतीचं उत्पन्न वेगळ्या रकान्यात लिहायचं असतं, ते इतर उत्पन्नात मिसळू नका. ऊसतोडीची उचल ही मजुरी आहे, ती इतर उत्पन्नात येते.

आता खरी गाठ, नावाची.

आपल्या भागात लग्नात सुनेचं नाव बदलायची रीत होती, अजूनही काही घरांत आहे. माहेरची सरू सासरी येऊन सरस्वती होते. तांदळात नवं नाव कोरतात, पण कागदावर ते कुठेच लिहिलं जात नाही. मग मतदार यादी करणारा आला तेव्हा घरातल्या कुणी बोलीतलं नाव सांगितलं, आधारवाला आला तेव्हा कुणी लग्नातलं सांगितलं. खातं निघालं मतदान कार्डावर, म्हणून पासबुक सरूबाई. पुढे अनुदानासाठी आधारचा झेरॉक्स घेऊन खात्याला नंबर जोडला. त्या वेळी अशा जोडणीत बहुतेक ठिकाणी बारा आकडे चढवले गेले, नाव अक्षर लावून कुणी पाहिलं नाही. सरकारचा पैसा आधारच्या नंबरवरून वाट काढतो, म्हणून तो बिनबोभाट येत राहिला. केवायसी मात्र नाव वाचते. म्हणून पैसा आत आला आणि बाहेर येताना अडला. काउंटरवरच्या माणसाने पेनचं टोक पासबुकावर ठेवलं, मग आधारवर ठेवलं आणि मान हलवली, ती यासाठी.

इथं एक फरक नीट समजून घ्या. ज्ञानोबाचं इंग्रजी स्पेलिंग एका कागदावर 'डी-एन' ने आणि दुसऱ्यावर 'जी-वाय' ने सुरू होतं, किंवा एकीकडे 'बाई' जोडलंय आणि दुसरीकडे नाही, तर हा लिहिण्यातला फरक. शाखाधिकारी बहुधा दोन्ही कागद, फोटो, जन्मतारीख आणि पतीचं नाव ताडून, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं लिहून घेऊन मान्य करतात. सरूबाई आणि सरस्वती हा लिहिण्यातला फरक नाही, ही दोन नावं आहेत. दोन नावं जोडायला रिझर्व्ह बँकेच्या नियमात दोनच कागद आहेत: राज्य सरकारने दिलेलं विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नाव बदलाची जाहिरात, ज्याला आपण गॅझेट म्हणतो. आणि त्या कागदावर नाव बदललेलं दिसलं पाहिजे. विवाह प्रमाणपत्रावर एकच नाव असेल तर त्याने दोन नावं जोडली जात नाहीत. म्हणून ग्रामसेवकाकडे उशिराची नोंदणी करायला धावण्याआधी त्यांच्या नमुन्यात दोन्ही नावं येतात का, हे विचारून घ्या. येत नसतील तर सरळ गॅझेटकडे जा. नोटरीचं प्रतिज्ञापत्र या दोन कागदांत नाही. तहसीलच्या दारात बसलेले लोक ते करून देतात, पैसे घेतात आणि बँक ते परत करते. बँकेला आधी विचारा, तिने ते चालेल असं सांगितलं तरच खर्च करा.

पण गॅझेटला वेळ लागतो आणि तुमची टोळी दिवाळीनंतर निघणार. म्हणून काम दोन भागांत करा. आधी खातं उघडून पैसा काढा, नाव मागाहून सरळ करा. हे शक्य आहे, कारण तुमच्या हातात एक हुकमाचं पान आहे: मतदान कार्ड आणि पासबुक, दोन्हींवर सरूबाईच आहे. मतदान कार्ड सहा कागदांपैकी एक. म्हणजे खात्याच्या नावाला जुळणारी, पुरी ओळख तुमच्याकडे आजही आहे. तुमच्या तीन चकरांमध्ये तुम्ही आधारच पुढे केलं असणार, कारण सगळीकडे तेच मागतात. या वेळी मतदान कार्ड पुढे करा.

सरूबाईंना घेऊन महिन्याच्या मधल्या आठवड्यात, बाजाराचा दिवस सोडून, सकाळी शाखा उघडताना जा. मूळ मतदान कार्ड आणि त्याचा एक झेरॉक्स, दोन फोटो, पासबुक. केवायसीचा अर्ज आणि फॉर्म ६० तिथंच घ्या. अर्जात लिहा की नाव आणि पत्ता यांत काही बदल नाही. जेव्हा काही बदललेलं नसतं तेव्हा ग्राहकाने तसं लिहून देणं पुरेसं धरावं असं नियमच सांगतो. खाली एक ओळ घाला: "खाते निष्क्रिय असल्यास चालू करावे." झेरॉक्सवर अंगठा आणि त्याच्याखाली "केवायसीसाठी" असं लिहून तारीख टाका, म्हणजे तो कागद दुसरीकडे कुणाला वापरता येणार नाही. अधिकारी मूळ कार्ड हातात घेऊन झेरॉक्सशी ताडतील, "मूळ पाहिले" असा शिक्का मारतील आणि मूळ तुम्हाला परत देतील. मूळ कार्ड तिथं ठेवून घरी येऊ नका, कुणी कितीही सांगितलं तरी.

आधारचं विचारतीलच. लपवू नका. सरकारी अनुदान घेणाऱ्या खात्याला आधार लागतं, आणि तुमचं जोडलेलं आहेच. सरळ सांगा की आधारवर लग्नातलं नाव आहे, गॅझेटचा अर्ज करतो आहोत, तोवर केवायसी मतदान कार्डावर घ्यावी. समजूतदार अधिकारी हे घेतो. काही घेणार नाहीत, अनुदानाच्या खात्याला आधारवरचंच नाव हवं म्हणतील. तेव्हा वाद घालू नका, अर्ज मात्र देऊन या. केवायसीचे कागद घेतले की तारखेसह पोच देणं बँकेवर बंधनकारक आहे, आणि अर्ज नाकारला तर विचार करून, कारण नोंदवून नाकारायचा असाही नियम आता आहे. पोच आणि लेखी कारण, हे दोन मागा. कित्येकदा लेखी कारण मागितलं की साहेब पुन्हा एकदा फाइल उघडतात.

अंगठ्याचं. झिजलेला अंगठा ही आपल्या भागात रोजची गोष्ट आहे. कोयत्याने तळहाताला पडलेले घट्टे, कापूस वेचताना बोंडाच्या टोकांनी सोललेली बोटं, मशीनला त्यात रेघाच सापडत नाहीत. घरून निघताना बोटांना खोबरेल चोळून, कोमट पाण्याने धुऊन, पुसून गेलं तर पुष्कळदा उमटतो. दहाही बोटं लावून पाहायला सांगा, करंगळीजवळचं बोट कमी झिजलेलं असतं. तरी नाहीच घेतलं तर तेवढ्यावर परत फिरायचं नाही. म्हातारपण, आजार किंवा इजा यामुळे आधारचा अंगठा जुळत नसेल तर बँकेच्या अधिकाऱ्याने दुसरा मान्य कागद पाहून ओळख पटवावी असं नियमात आहे. मतदान कार्डाचा इथं दुसऱ्यांदा उपयोग होतो. पुढे सवड मिळाली की आधार केंद्रावर बोटांचे ठसे आणि डोळे नव्याने घेऊन या.

गावातल्या बँक मित्राकडे हे होईल का, असं तुम्ही विचाराल. ज्यांचं काहीच बदललेलं नाही किंवा फक्त पत्ता बदललाय, त्यांचं लिहून दिलेलं पत्र जून २०२५ पासून बँक मित्र घेऊ शकतो. शेजारच्या घरी कुणाची केवायसी साधी असेल तर त्यांना शाखेपर्यंत जायला लावू नका. सरूबाईंची मात्र शाखेतच करा. दोन नावांचा निर्णय घेण्याचा अधिकार बँक मित्राला नाही. तो पत्र पुढे पाठवेल आणि ते चार आठवड्यांनी तसंच परत येईल.

पैसा निघाला की दुसरा भाग. गॅझेटचा अर्ज ऑनलाइन होतो, जुनं नाव सरूबाई आणि नवं नाव सरस्वती असं द्या. उलटं करू नका. आधार, पीएम किसान, शेतकरी ओळख क्रमांक, पुढे येणारी सगळी अनुदानं आधारच्या नावावर चालणार, म्हणून बाकी कागद आधारकडे आणायचे. शिवाय आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, ती संधी उगाच खर्चू नका. अर्ज करण्याआधी सातबारा काढून त्यावर कोणतं नाव आहे ते पाहा. तिथंही सरूबाई असेल तर तलाठ्याकडे हेच गॅझेट लागणार आहे, म्हणून पतीचं नाव आणि आडनाव सातबाऱ्यावर आहे तसंच, काना-मात्र्यासह, अर्जात टाका.

गॅझेट हातात आलं की त्याची प्रत, आधार आणि नाव बदलाचा अर्ज बँकेत द्या. मतदान कार्डासाठी गावच्या बीएलओकडे नमुना ८ भरा, त्याला पैसे लागत नाहीत. बँकेत नाव बदललं की खात्याची आधार जोडणी तशीच आहे ना, हे आधारच्या संकेतस्थळावर 'Bank Seeding Status' मध्ये पाहा. एका आधारला अनुदानासाठी एकच खातं जोडलेलं राहतं. मधल्या काळात कुणी दुसऱ्या बँकेत खातं काढून तिथं आधार दिलं असेल तर पुढचा हप्ता तिकडे जातो आणि घरातले इकडे पासबुक भरत बसतात.

बँकेने पोच देऊनही ३० दिवसांत काही केलं नाही, किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. फी नाही, वकील लागत नाही. पण आधी बँकेत लेखी तक्रार केलेली असली पाहिजे, तिथं ती पोच लागते. म्हणून पोचेचा मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. टोळीबरोबर कागद नेला तर कोपीत भिजतो. मूळ पोच घरी राहणाऱ्या माणसाकडे द्या आणि फोटो तुमच्याजवळ असू द्या.

नवं पासबुक मिळेल तेव्हा काउंटर सोडण्याआधी ते उघडा. पहिलं पान आधारच्या शेजारी धरा आणि नाव, पतीचं नाव, आडनाव, पत्ता, मोबाईल नंबर, एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. सरूबाईंनाही वाचून दाखवा, आपलं नाव नवं कसं लिहिलं आहे ते त्यांना ओळखता आलं पाहिजे. चूक असेल तर तिथल्या तिथं सांगा. त्याच वेळी सांगितली तर ती पाच मिनिटांत दुरुस्त होते.